नात्यात असूनही एकटं वाटणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत जोडप्यांसाठी समुपदेशन करते. भांडण, मारहाण, दारू, दुसरी बाई यांतलं काहीच नसताना येणारी माणसं फार संकोचून बोलतात, कारण बोट ठेवावं असं त्यांच्याकडे काही नसतं. त्यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. लग्न झालेलं असो वा नसो, उत्तरं दोघांनाही लागू आहेत.

१. नवरा चांगला आहे. व्यसन नाही, हात उचलत नाही, पगार घरात देतो. तरी त्याच्या शेजारी बसून मला एकटं वाटतं. माझंच काही चुकतंय का?

नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून मांडले. पहिला प्रकार म्हणजे आजूबाजूला आपली माणसंच नसणं, जसं नव्या शहरात आल्यावर होतं. दुसरा म्हणजे मनातलं जिच्यापाशी मोकळं करावं अशी एकही जवळची व्यक्ती नसणं. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं. लेडीज डब्यातला ग्रुप, भिशी, सोसायटीचा गणपती, माहेरची माणसं असं सगळं असलं तरी दुसऱ्या प्रकारचा एकटेपणा तसाच राहतो.

"तुला कमी काय आहे?" हे वाक्य तुम्ही आईकडून नाहीतर बहिणीकडून ऐकलं असेल. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण त्या तुमच्या संसाराचा हिशोब मांडत असतात आणि तुमची तक्रार हिशोबाची नसते. व्यसन नाही, मारहाण नाही, ही यादी नवरा काय करत नाही ते सांगते. तो तुमच्याशी कसा वागतो हे तिच्यात कुठेच येत नाही.

२. मग नेमकी कमी कशाची असते?

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती प्रतिसादाची असते. दिवसभरात आपण जोडीदाराला कितीतरी छोट्या सादा घालतो. "हे बघ ना," "आज डोकं दुखतंय," "खाली बघ, कुणाची वरात चाललीय." यांत मागणी काहीच नसते. माझ्याकडे क्षणभर बघ, एवढंच त्यात असतं. समोरचा बघतो, किंवा त्याचं लक्षच जात नाही, किंवा तो खेकसतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या अशा सादा टिपून ठेवल्या आणि सहा वर्षांनी त्या जोडप्यांचं काय झालं ते पाहिलं. ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी सरासरी ८६ टक्के सादांना प्रतिसाद दिला होता. ज्यांचा घटस्फोट झाला त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के होतं. हे आकडे तिथल्या जोडप्यांचे आहेत. आपल्या घराला त्यावरून गुण देत बसू नका.

या सगळ्यात खेकसण्यापेक्षा लक्ष न जाणं जास्त अवघड, असं मला वाटतं. खेकसलं की भांडण होतं आणि भांडण दिसतं. लक्ष न जाणं दिसत नाही. शंभरदा साद वाया गेली की माणूस ती घालायचीच बंद करतो. घर शांत होतं आणि बाहेरून सगळं छान दिसायला लागतं.

३. पण आम्ही रोज बोलतो. दिवसातून चार फोन होतात. तरी असं का?

तुमच्या दोघांचं गेल्या आठवड्याचं व्हॉट्सॲप उघडा. त्यातून गॅस सिलेंडर, फी, "किती वाजतील?", "ट्रेन लेट आहे", "येताना कोथिंबीर आण", मेंटेनन्सची पावती आणि फॉरवर्ड केलेले मेसेज वगळा. काय उरतं ते पाहा. बऱ्याच जणांकडे काहीच उरत नाही.

हे कारभाराचं बोलणं आहे. ते लागतंच, आणि मुंबईत ते नीट चालणं हेसुद्धा दोघांच्या मेहनतीचं फळ आहे. फक्त त्यातून एकमेकांच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. एक साधी खूण सांगते. जोडीदाराला सध्या कशाची काळजी लागली आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? आणि तुमची काळजी त्याला सांगता येईल का? दोन्हीकडे "बहुतेक ऑफिसचं असेल" असं उत्तर आलं, तर फोन चार असोत की चौदा, बोलणं कारभाराचंच आहे.

४. हा एकटेपणा आहे की डिप्रेशन, कसं ओळखायचं?

मैत्रिणीबरोबर, बहिणीकडे, आवडीच्या कामात तुम्ही खुलत असाल आणि घराची किल्ली फिरवताना मन जड होत असेल, तर प्रश्न बहुधा नात्यातला आहे. कुठेच मन लागत नसेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर नक्कीच. "नवरा लक्ष देत नाही" असं वाटण्याच्या मुळाशी तेव्हा उपचाराने बरं होणारं नैराश्य असू शकतं. दोन्ही एकत्रही असतात.

परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचं नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर पुढचे प्रश्न वाचायला थांबू नका, आत्ता फोन करा.

५. आमच्यात कुठे बिनसलंय तेच कळत नाही. शोधायचं कसं?

एका जोडप्याचं उदाहरण सविस्तर सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. भांडुपला वन बीएचके. लग्नाला अकरा वर्षं, मुलगी तिसरीत, सासूबाई सोबत. ती फोर्टला बँकेत, सातच्या सुमारास घरी पोचते. तो अंधेरीला, घाटकोपरला मेट्रो बदलून पावणेनऊपर्यंत येतो. ती म्हणाली, "आमच्यात भांडणंसुद्धा होत नाहीत हो. मी घरात असले काय नि नसले काय."

मी दोघांना आठवडाभराचं एक काम दिलं. रोज रात्री मोबाइलवर दोन ओळी लिहायच्या: आज जोडीदाराची कुठली साद माझ्याकडून सुटली? स्वतःकडून सुटलेलीच लिहायची, दुसऱ्याच्या चुका लिहायच्या नाहीत. हा नियम मोडला तर आठवड्याअखेरीस हातात आरोपपत्र येतं आणि सगळी मेहनत फुकट जाते.

तिच्या नोंदीत सोमवारी होतं: तो म्हणाला, "पंख्याचा आवाज येतोय ना गं?" मी कणीक मळत होते. म्हटलं, "मग फोन कर ना त्या इलेक्ट्रिशियनला." तो गप्प बसला. पुढे विचारल्यावर तो म्हणाला, "पंख्याचं काही नव्हतं. घरात आल्यापासून कुणी माझ्याशी बोललं नव्हतं, म्हणून काहीतरी बोललो."

त्याच्या नोंदीत शुक्रवारी होतं: ती जेवताना सांगत होती की काउंटरवर एक आजी आल्या होत्या, सही करताना त्यांचा हात थरथरत होता. मी म्हटलं, "हं. दही आहे का?" तो हे वाचून दाखवत होता तेव्हा ती रडायला लागली. तिच्या स्वतःच्या आईचा हात गेल्या महिन्यापासून थरथरायला लागला होता आणि तिला ते सांगायचं होतं. त्याला वाटलं, ती बँकेतली गंमत सांगतेय.

सादा अशाच असतात. त्या मुख्य विषय घेऊन येत नाहीत. आधी बाजूचं काहीतरी पुढे करून बघतात, दार उघडलं तर आत येतात.

दोघांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. सुटलेल्या बहुतेक सादा पावणेनऊ ते साडेनऊच्या होत्या. त्या वेळात पोळ्या, मुलीचा गृहपाठ आणि हॉलमध्ये सासूबाईंची मालिका, सगळं एकदम चालू असायचं. प्रेम आटलं होतं असं काही नव्हतं. दोघंही दिवसातल्या सर्वांत वाईट वेळी एकमेकांना हाक मारत होते.

मग त्यांनी एकच बदल केला. त्याने स्टेशनवरून शेअर रिक्षा सोडली, चालत यायला लागला. आठवड्यातून तीन दिवस ती त्या वेळी भाजीला उतरायची आणि मंडईपासून बिल्डिंगच्या गेटपर्यंत दोघं बरोबर यायचे. तेवढ्या वाटेत फी, गॅस, सासूबाईंची औषधं हे विषय बंद. पहिल्या आठवड्यात अवघडलेपण इतकं होतं की फ्लॉवरच्या भावावर बोलणं झालं. तिसऱ्या आठवड्यात ती आईच्या हाताबद्दल मोकळेपणाने बोलली. तो म्हणाला, "रविवारी कल्याणला जाऊ, मी येतो बरोबर." पुढे मुलीची परीक्षा आली आणि सगळं बंद पडलं. ते आपोआप सुरू झालं नाही, ठरवून सुरू करावं लागलं. बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं.

काय बदललं नाही, तेही सांगते. तो अजूनही आपणहून "तुझा दिवस कसा गेला?" असं विचारत नाही. तिला सगळं बारीकसारीक सांगायचं असतं, तेवढं ऐकायची त्याची तयारी नाही. त्यासाठी ती मैत्रिणीला फोन करते. मला ही तडजोड वाटत नाही. एका माणसाने सगळं पुरवायचं, ही अपेक्षाच जड आहे.

६. मी विषय काढला की तो म्हणतो, "आता मी काय केलं?" मग मी चिडते आणि तो गॅलरीत जाऊन उभा राहतो. बोलायचं कसं?

एक मागे लागतो आणि दुसरा मागे सरकतो. जितकं मागे लागावं तितका तो सरकतो, आणि तो सरकतो म्हणून आणखी मागे लागावं लागतं. अँड्र्यू क्रिस्टेनसन यांच्यासारख्या संशोधकांनी हे चक्र पुष्कळ अभ्यासलं आहे. यात कोण बरोबर हे शोधण्यात अर्थ नाही, कारण दोघंही आपण फक्त उत्तर देतोय असंच समजत असतात.

चक्र मोडायला सुरुवातीचं वाक्य बदलावं लागतं. "तू माझ्याशी कधी बोलतच नाहीस" यावर कुणीही वकिली करायलाच बसेल. त्याऐवजी एकच प्रसंग घ्या, तुम्हाला काय वाटलं ते सांगा आणि एकच मागणं मागा. वरच्या उदाहरणातली ती पुढे असं म्हणाली: "त्या आजींचं सांगत होते तेव्हा तू दही मागितलंस. मला फार एकटं वाटलं. पुढच्या वेळी 'मग काय झालं?' एवढं तरी विचार." हे करता येण्यासारखं आहे. "माझ्यात रस घे" हे मागणं खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

दारातून आत आल्या आल्या नको आणि रात्री अकराला दिवा मालवल्यावरही नको. "आपल्याला बोलायचंय" असं जाहीर केलं तर समोरच्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून विषय आणि वेळ दोन्ही सांगा: "रविवारी चहाला दहा मिनिटं हवीत, आपल्या दोघांबद्दल बोलायचंय, भांडायचं नाहीये." तरी तो गॅलरीत गेलाच, तर मागे जाऊ नका. छातीत धडधडत असताना माणूस ऐकू शकत नाही. निदान वीस मिनिटं जाऊ द्या. पण परत कधी बोलायचं ते मात्र ठरवून घ्या, नाहीतर गॅलरी हीच पळवाट होते.

७. आमची एकच खोली आहे. सासू-सासरे आणि मुलं इथेच. एकांत आणायचा कुठून?

घराबाहेरून. मुंबईतल्या पिढ्यान्‌पिढ्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, माटुंग्याच्या फाइव्ह गार्डनमध्ये, वरळी सी फेसवर याचसाठी बसत आल्या आहेत. रोज तिथे जाणं जमणार नाही, म्हणून जी फेरी तुम्ही तशीही मारता तीच दोघांनी मारा: दूध, इस्त्रीचे कपडे, गिरणी. घरच्यांना कारण द्यायचं तर "चालून येतो" एवढं पुरे. भांडुपच्या सासूबाईंनीही तेवढंच विचारलं होतं आणि त्यावर विषय संपला होता.

८. मी पुरुष आहे. बढतीची बातमी सांगितली तर बायको म्हणाली, "म्हणजे आता आणखी उशीर होणार." तेव्हापासून मी काही सांगतच नाही. आम्हाला एकटं वाटत नाही का?

वाटतं, आणि तुमचं उदाहरण नेमकं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की चांगल्या बातमीवर जोडीदार कसा वागतो यावर नात्यातली जवळीक बरीच अवलंबून असते. आस्थेने, उत्साहाने विचारपूस झाली तर नातं जवळ येतं. "छान" म्हणून विषय बदलणं किंवा बातमीतली खोट काढणं, दोन्हींनी दुरावा वाढतो. दुःखात धावून जायचं आपल्याला लहानपणापासून शिकवतात, आनंदात थांबून विचारायचं कुणी शिकवत नाही.

तरी बायकोच्या वाक्यात एक साद आहे, ती ऐका. तुम्ही उशिरा येता तेव्हा घर तिच्या एकटीच्या अंगावर पडतं, हे ती सांगतेय. आधी त्याबद्दल बोला, मग म्हणा, "त्या दिवशी तू माझ्याबरोबर खूश व्हावंस असं मला वाटत होतं." आणि सांगणं थांबवू नका. तुमचं थांबणं तिला दिसत नाहीये, तिला फक्त तुमची शांतता दिसतेय.

९. तो मुळातच अबोल आहे. लग्नाआधीही असाच होता. मग हा एकटेपणा की माझ्याच अपेक्षा जास्त?

अबोल माणूस आणि प्रतिसाद न देणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही "पाठ धरलीय" म्हणालात आणि तो एक शब्द न बोलता बाम घेऊन आला, तर साद पोचली आहे. तो बोलत नाही पण काहीही सांगितलं तर ते लक्षात ठेवून वागतो, असं असेल तर तिथे ओलावा आहे, तुम्हाला तो शब्दांत हवा आहे. ते मागायला हरकत नाही (मागायचं कसं, ते प्रश्न ६ मध्ये). पण आधी बोलका होता आणि हळूहळू गप्प झाला असेल, तर त्याला "स्वभाव" म्हणून सोडून देऊ नका. कधीपासून बदललं ते आठवा. नोकरी गेली, वडील वारले, मूल झालं, अशी एखादी तारीख बहुतेक वेळा सापडते.

१०. नवरा मर्चंट नेव्हीत आहे. तो समुद्रावर असताना बरं वाटतं आणि घरी आला की एकटं वाटतं. हे उलटं कसं?

तो नसताना अपेक्षाच नसते. तो समोर असूनही पोचत नाही तेव्हा ते खुपतं. त्यात सुट्टीचे पहिले दिवस दोघांनाही परके जातात, कारण घर तुमच्या पद्धतीने बसलेलं असतं. त्यावर लगेच निकाल देऊ नका. दिवस सरले तरी परकेपणा ओसरला नाही, तर प्रश्न ५ मधली नोंद करा.

११. ऑफिसमधल्या एका मित्राशी बोललं की खूप हलकं वाटतं. यात काही चुकीचं आहे का?

मैत्री चुकीची नाही. स्वतःला दोनच गोष्टी विचारा. तुमचं बोलणं नवऱ्याने समोर बसून ऐकलं तर चालेल का? आणि घरी सांगण्यासारखं काही घडलं तर तुम्ही ते आधी मित्राला सांगून, मग घरी "काही नाही" म्हणता का? दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल, तर घरी घालायच्या सादा आता दुसरीकडे जाताहेत आणि नवऱ्याला प्रतिसाद द्यायची संधीच उरलेली नाही. तेव्हा घरात काही सुधारलं नाही म्हणून त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. मैत्री तोडा असं मी म्हणत नाही. आठवड्यातली एक गोष्ट आधी घरी सांगून बघा.

१२. तो अबोला धरतो, आठवडा आठवडा. हासुद्धा यातलाच प्रकार का?

तपासून पाहा. लक्ष न जाणं वेगळं आणि शिक्षा म्हणून अबोला धरणं वेगळं. तुम्ही माफी मागेपर्यंत तो बोलत नाही, माहेरी किंवा मैत्रिणींकडे जाऊ देत नाही, तुमचा पगार स्वतःकडे ठेवतो, चारचौघांत अपमान करतो, असं असेल तर हे पान तुमच्यासाठी पुरेसं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा, २००५, यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. अशा घरात प्रश्न ५ ची नोंदवही आणि प्रश्न ६ ची वाक्यं वापरू नका. मन उघडं केलं तर तेच पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

१३. मी सगळं करून पाहिलं, तो समुपदेशकाकडे यायला तयार नाही. मी एकटी आले तर चालेल का?

चालेल. पुष्कळ जण एकटेच येतात. एकट्याने आल्यावर जोडीदाराला कसं बदलायचं यावर काम होत नाही. तुम्ही साद कशी घालता, कधी घालायची थांबवलीत आणि मिळालेला प्रतिसाद तुमच्या नजरेतून सुटतो का, यावर होतं. त्याला घरी सांगताना "तुझ्यामुळे जाते आहे" असं म्हणू नका. "मला काही गोष्टी नीट बोलता येत नाहीत, त्या शिकायला जातेय" म्हणा. काही भेटींनंतर "तिथे माझ्याबद्दल काय बोलतेस?" असं जोडीदार विचारतो. तो प्रश्न आला की पुढच्या वेळी बरोबर यायचं आमंत्रण द्या.

एक पथ्य पाळा. पहिल्या भेटीला येताना "राहू की सोडू?" याचं उत्तर मागू नका. निदान दोनेक महिने प्रामाणिकपणे प्रयत्न करून पाहा, नोंद ठेवून. त्यानंतरही तुम्ही नेमक्या शब्दांत मागितलेलं जोडीदाराला कळतं आणि तरी तो ते देत नाही, असं दिसलं, तर तो प्रश्न विचारायला तुमच्याकडे कारण असेल आणि समुपदेशकाबरोबर तो नीट मांडताही येईल.